सिमच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग का चालत नाही, आणि शेतावरचा एनव्हीआर तरीही बाहेरून कसा पाहायचा

शेतावर, गोदामात किंवा बांधकामाच्या साइटवर फायबर पोहोचत नाही, म्हणून ४जी किंवा ५जी सिमचा राऊटर बसवला जातो. मागे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, पंपाचा कंट्रोलर, कधी एखादा छोटा सर्व्हर. नेट झकास चालतं. मग घरच्या ब्रॉडबँडच्या सवयीने राऊटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्ड केला जातो आणि बाहेरून काहीच उघडत नाही. राऊटर बदलला, सिम बदललं, फर्मवेअर टाकलं, तरी तेच.

दोष बहुतेक वेळा तुमच्या सेटिंगमध्ये नसतो. मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहक मिळून वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात, आणि बाहेरून येणारं कनेक्शन तिथेच अडतं. ते तुमच्या राऊटरपर्यंत येतच नाही. हे आधी स्वतः तपासून खात्री कशी करायची आणि त्यातून वाट कशी काढायची, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण एकच धरतो: द्राक्षबागेत सिमचा राऊटर, त्याचा आतला पत्ता `192.168.8.1`, एनव्हीआर `192.168.8.20` वर, आणि मालक पुण्यातून मोबाइलवर कॅमेरे पाहू इच्छितो. लेखातले `203.0.113` आणि `198.51.100` ने सुरू होणारे पत्ते नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

हाताशी काय लागेल

- राऊटरच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड. सिम बसवून देणाऱ्याकडून तो आधीच मागून घ्या.
- वेगळ्या नेटवर्कवरचा दुसरा मोबाइल किंवा लॅपटॉप. बागेच्याच वायफायवरून केलेली चाचणी ग्राह्य धरू नका.
- शक्य असेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारा किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन असलेला राऊटर. नसेल तर राऊटरच्या मागे कायम चालू राहील असा रास्पबेरी पाय.
- सार्वजनिक पत्ता असलेला लहानसा भाड्याचा सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस. हा पायरी ६ मध्ये लागेल.
- कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यायचा असेल तर केवायसीची कागदपत्रं आणि सहसा व्यवसायाच्या नोंदणीचा पुरावा.

१. दोन पत्ते शेजारी ठेवून पाहा

राऊटरच्या स्टेटस पानावर `WAN IP` शोधा आणि लिहून ठेवा. मग त्याच राऊटरला जोडलेल्या लॅपटॉपवर हे चालवा:

```
curl -4 https://ifconfig.co
```

दोन्ही पत्ते एकच आले तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही, फायरवॉल तपासा. वेगळे आले तर मध्ये कोणीतरी पत्ता बदलतंय. आपल्या बागेत राऊटर `10.148.22.61` दाखवतो आणि बाहेरचं जग `203.0.113.57` पाहतं.

`WAN IP` जर `10.` ने सुरू होत असेल, `172.16` ते `172.31` मधला असेल किंवा `100.64` ते `100.127` मधला असेल, तर शंकाच नको. यातला शेवटचा गट एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम अशा सामायिक वापरासाठीच राखून ठेवला गेला. पण निव्वळ आकड्यावर विसंबू नका. काही नेटवर्क आतल्या वापरासाठी वरकरणी सार्वजनिक वाटणारे पत्तेही वाटतात. म्हणून तुलना हीच खरी कसोटी.

मोबाइलवर पाहत असाल तर `192.0.0.4` असाही पत्ता दिसू शकतो. तिथे कंपनीचं आतलं नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर चालतं आणि जुन्या आयपीव्ही४ साठी फोनच भाषांतर करतो. निष्कर्ष तोच, हा पत्ता बाहेरून गाठता येत नाही.

आणखी एक गुंता इथेच सोडवून टाका. सिमच्या राऊटरमागे तुम्ही स्वतःचा दुसरा वायफाय राऊटर लावला असेल, तर त्याच्या `WAN IP` मध्ये `192.168.8.x` दिसेल. ते तुमच्या घरातलं डबल नॅट आहे, कंपनीचं नाही. नेहमी सिम ज्या डब्यात आहे त्याच डब्याच्या पानावर पाहा.

२. अडतं नेमकं कुठे, ते समजून घ्या

आयपीव्ही४ मध्ये एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले मोकळे गट ३ फेब्रुवारी २०११ ला संपले आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. भारतात स्मार्टफोनची खरी लाट त्यानंतर आली. प्रत्येक सिमला स्वतंत्र पत्ता देणं शक्यच नव्हतं, म्हणून वाटून वापरणं आलं.

हे वाटून वापरणं पोर्ट क्रमांकांवर चालतं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. कंपनीचं उपकरण त्यातले काहीशे किंवा काही हजार एका ग्राहकाला देतं, पुढचे दुसऱ्याला. बागेतल्या एनव्हीआरने वेळ जुळवण्यासाठी किंवा अपडेटसाठी बाहेर एखाद्या सर्व्हरकडे विनंती पाठवली की त्या उपकरणात अशी एक नोंद होते:

```
10.148.22.61:51544  ->  203.0.113.57:23107  ->  198.51.100.10:443
```

सर्व्हरचं उत्तर `203.0.113.57` च्या `23107` पोर्टवर येतं. उपकरण नोंद पाहतं, पत्ता परत बदलतं आणि पाकीट बागेतल्या राऊटरकडे सोडतं. नोंद आतून बाहेर जाणाऱ्या पाकिटानेच तयार होते, ही यातली कळीची गोष्ट.

आता तुम्ही पुण्यातून `203.0.113.57:8080` वर जायला बघता. पाकीट कंपनीच्या उपकरणापर्यंत व्यवस्थित पोहोचतं. तिथे `8080` साठी कुठलीच नोंद नसते. त्या पत्त्यामागे अनेक ग्राहक आहेत, त्यातल्या कोणाकडे हे पाकीट द्यायचं हे ठरवायला उपकरणाकडे काहीही आधार नाही. ते पाकीट टाकून देतं. तुमच्या राऊटरवर तुम्ही लिहिलेला `8080` चा नियम अगदी बरोबर आहे, पण तो वाचला जाण्याची वेळच येत नाही. नियम लिहायला हवा तो कंपनीच्या उपकरणात, आणि तिथे तुमचा हात पोहोचत नाही. ग्राहकाने अशा उपकरणाकडे पोर्ट मागावा यासाठी पीसीपी नावाची पद्धत २०१३ पासून प्रमाणित आहे, पण मोबाइल सिमवर ती मिळेल या भरवशावर काही उभारू नका.

नोंदीला आयुष्यही असतं. काही वेळ पाकीट गेलं-आलं नाही की ती पुसली जाते. यूडीपीच्या बाबतीत मोबाइल नेटवर्कवर अर्ध्या मिनिटातसुद्धा हे होऊ शकतं. हे लक्षात ठेवा, पायरी ६ मधला एक आकडा याच्यामुळेच आहे.

कॅमेरा कंपनीचं अ‍ॅप मात्र चालतं, मग हे कसं? कारण एनव्हीआर स्वतःहून त्या कंपनीच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडून ठेवतो. दिशा आतून बाहेर आहे, त्यामुळे नोंद तयार होते. आपण पुढे जे करणार आहोत तेही याच दिशेने, फक्त मधला सर्व्हर आपला असेल.

३. डोळ्यांनी खात्री करा

कंपनीच्या ग्राहकसेवेशी बोलण्याआधी हा पुरावा हातात असू द्या. राऊटरवर एसएसएचने जा. मोबाइल मोडेमच्या इंटरफेसचं नाव `ip addr` ने कळेल, बऱ्याचदा ते `wwan0` असतं. मग ऐकत बसा:

```
tcpdump -ni wwan0 'tcp port 8080'
```

दुसऱ्या नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून दार ठोठवा:

```
nc -vz 203.0.113.57 8080
```

लॅपटॉपवर `timed out` आलं आणि राऊटरच्या पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर पाकीट वाटेतच संपलं. सीजीनॅटची हीच खूण. राऊटरवर `[S]` असलेल्या ओळी दिसल्या पण उत्तर गेलं नाही, तर पाकीट पोहोचतंय आणि दोष तुमच्या फायरवॉलमध्ये किंवा फॉरवर्डच्या नियमात आहे. `refused` आलं तर कोणीतरी उत्तर दिलंय, पण ते तुमचंच उपकरण आहे असं गृहीत धरू नका, पडद्यावरच्या ओळी पाहा.

४. यात वेळ घालवू नका

डायनॅमिक डीएनएस घेऊन काही होत नाही. ते फक्त नावाला पत्ता जोडतं, आणि जोडलेला पत्ता असतो कंपनीचा सामायिक. डीएमझी सुरू करणं म्हणजे राऊटरपर्यंत आलेलं सगळं आत सोडणं. आलेलंच काही नाही. ब्रिज मोड किंवा आयपी पासथ्रू केलं की तोच `10.148.22.61` तुमच्या मागच्या राऊटरला मिळतो, बाकी काही बदलत नाही. यूपीएनपीने एनव्हीआरवर हिरवी खूण येते ती आणखी फसवी, कारण ती तुमच्या राऊटरने दिलेली असते, त्याच्या पलीकडे काय आहे हे तिला ठाऊक नसतं. दुकानदार महागडा राऊटर सुचवेल. त्याचा अँटेना चांगला असेल, सिग्नल सुधारेल, पण बाहेरून येणारं पाकीट त्यानेही येणार नाही.

५. दोन सरळ वाटा आधी विचारून बघा

पहिली वाट आयपीव्ही६. पत्ते मुबलक असल्यामुळे इथे वाटून वापरण्याची गरज नाही. राऊटरच्या एपीएन सेटिंगमध्ये प्रकार `IPv4v6` ठेवा, रिस्टार्ट करा आणि लॅपटॉपवर `curl -6 https://ifconfig.co` चालवा. `2` ने सुरू होणारा लांब पत्ता आला तर तो खरा जागतिक पत्ता. तरी लगेच हुरळून जाऊ नका. कंपनी स्वतःच्या फायरवॉलने बाहेरून येणारी आयपीव्ही६ कनेक्शनंही अडवू शकते. पायरी ३ चीच चाचणी यासाठी करा. पाकिटं आली, तरी तीन अटी उरतात: एनव्हीआरला आयपीव्ही६ यायला हवं, पाहणाऱ्याच्या नेटवर्कवरही ते हवं, आणि सिम पुन्हा जोडलं गेलं की पत्त्याचा पुढचा भाग बदलतो हे सांभाळायला हवं. ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही६ नसेल तर तिथून कॅमेरे दिसणार नाहीत.

दुसरी वाट कंपनीकडून स्टॅटिक आयपीचं सिम. हे व्यावसायिक किंवा एम२एम प्लॅनमध्ये वेगळ्या एपीएनसह मिळतं, काउंटरवरच्या साध्या प्रीपेडवर नाही. इथला सापळा मोठा आहे. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, सार्वजनिक नव्हे. कंपन्यांच्या एटीएम, मीटर यांसाठी खासगी स्टॅटिक पत्ते दिले जातात, ते फक्त त्या कंपनीच्या बंदिस्त नेटवर्कमध्येच चालतात. पैसे भरण्याआधी ईमेलवर हे लिहून घ्या: "पत्ता सार्वजनिक आहे का? इंटरनेटवरून येणारी कनेक्शनं टीसीपी आणि यूडीपी दोन्हीवर उघडी आहेत का?" फोनवरचं "हो हो, चालेल" धरू नका.

सार्वजनिक पत्ता मिळालाच, तर एनव्हीआरचं पान तसंच उघडं टाकू नका. असे पत्ते सतत स्कॅन होत असतात आणि जुन्या फर्मवेअरचा एनव्हीआर फार काळ तग धरत नाही. शिवाय त्या स्कॅनची पाकिटंही तुमच्या डेटामधून जातात.

६. बोगदा: बागेतून बाहेर, मग बाहेरून बागेत

बहुतेकांसाठी माझा सल्ला हाच. सार्वजनिक पत्त्याचा एक व्हीपीएस घ्या. मुंबईत डेटा सेंटर असलेला घेतलात तर चित्र पटकन येतं. बागेतला राऊटर वायरगार्डने त्याच्याशी कायम जोडलेला राहील, तुमचा मोबाइलही त्यालाच जोडेल, आणि दोघांची गाठ तिथे पडेल.

बोगद्यासाठी पत्ते निवडताना `10.` टाळा, कारण कंपनीने सिमला दिलेला पत्ताही त्याच गटातला असतो आणि कधीतरी टक्कर होते. मी `172.27.77` घेतो. व्हीपीएसवर `/etc/wireguard/wg0.conf` अशी:

```
[Interface]
Address = 172.27.77.1/24
ListenPort = 51820
PrivateKey = VPS_PRIVATE_KEY

[Peer]
PublicKey = ROUTER_PUBLIC_KEY
AllowedIPs = 172.27.77.2/32, 192.168.8.0/24

[Peer]
PublicKey = PHONE_PUBLIC_KEY
AllowedIPs = 172.27.77.3/32
```

राऊटरच्या नोंदीपुढचं `192.168.8.0/24` विसरू नका. ते नसेल तर बागेतल्या एनव्हीआरकडे जायची वाट कुठली, हे व्हीपीएसला कळत नाही. बागेतल्या राऊटरवर:

```
[Interface]
Address = 172.27.77.2/24
PrivateKey = ROUTER_PRIVATE_KEY
MTU = 1280

[Peer]
PublicKey = VPS_PUBLIC_KEY
Endpoint = 198.51.100.10:51820
AllowedIPs = 172.27.77.0/24
PersistentKeepalive = 25
```

`25` हाच तो आकडा. दर २५ सेकंदांनी राऊटर एक छोटंसं पाकीट पाठवतो, त्यामुळे कंपनीच्या उपकरणातली नोंद पुसली जात नाही. ही ओळ नसेल तर राऊटरने स्वतः काही पाठवलं की तेवढ्यापुरतं चालेल, आणि थोडा वेळ शांतता गेली की बाहेरून बाग गाठता येणार नाही. मोबाइलवरच्या वायरगार्ड अ‍ॅपमध्ये `Address` ला `172.27.77.3/32`, व्हीपीएसचा तोच `Endpoint`, आणि `AllowedIPs` मध्ये `172.27.77.0/24, 192.168.8.0/24` भरा.

मग व्हीपीएसवर पाकिटं पुढे ढकलायची परवानगी द्या आणि बोगदा सुरू करा:

```
sysctl -w net.ipv4.ip_forward=1
wg-quick up wg0
wg show
```

पहिली ओळ रिस्टार्टनंतर टिकत नाही, ती `/etc/sysctl.d/` मधल्या फाइलमध्येही लिहा. `systemctl enable wg-quick@wg0` केलं की बोगदा व्हीपीएस रिस्टार्ट झाल्यावर आपोआप उभा राहील.

`wg show` मध्ये `latest handshake` पुढे काही सेकंदांची वेळ दिसली की राऊटर पोहोचला. ती ओळच नसेल तर व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनेलमधली फायरवॉल पाहा. यूडीपी `51820` तिथेही उघडावा लागतो, नुसतं सर्व्हरवर उघडून भागत नाही.

हँडशेक होतोय पण एनव्हीआर उघडत नाही, तर या क्रमाने जा. मोबाइलवरून `172.27.77.2` ला पिंग करा. उत्तर नसेल तर व्हीपीएसवरचं फॉरवर्डिंग किंवा तिथली फायरवॉल बघा. उत्तर आलं पण `192.168.8.20` गप्प आहे, तर राऊटरच्या फायरवॉलमध्ये वायरगार्डकडून लॅनकडे जायची परवानगी द्या. तीही असेल तर एनव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे `192.168.8.1` आहे का ते पाहा. हे घर कॅमेरेवाले सर्रास रिकामं सोडतात, आणि मग एनव्हीआरला विनंती मिळते पण उत्तर पाठवायची वाट सापडत नाही. पिंग जातं, लॉगिनचं पान अर्धवट उघडतं आणि अडकतं, असं असेल तर संशय पाकिटाच्या आकाराचा, त्यासाठीच वर `MTU = 1280` ठेवलं आहे.

पुण्यातल्या घरच्या वायफायचा गटही `192.168.8` असेल तर फोन एनव्हीआरला घरातच शोधत बसेल. बागेचा गट सुरुवातीलाच वेगळा ठेवा.

व्हीपीएस सांभाळायचा नसेल तर टेलस्केल हे तयार व्हीपीएन सोपं पडतं. बागेतल्या रास्पबेरी पायवर ते टाकून `tailscale up --advertise-routes=192.168.8.0/24` चालवा, पायवरही वरच्यासारखं फॉरवर्डिंग सुरू करा, आणि वेबवरच्या अ‍ॅडमिन पानावर तो मार्ग मंजूर करा. शक्य तिथे ते दोन्ही टोकं थेट जोडतं, नाहीतर स्वतःच्या रिले सर्व्हरमधून नेतं. तिथे दिसणारे `100.` ने सुरू होणारे पत्ते टेलस्केलचे आहेत, सीजीनॅटचे नाहीत. आणि बागेतल्या उपकरणासाठी की एक्स्पायरी बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. ती संपली की उपकरण बाहेर पडतं आणि पुन्हा लॉगिन करायला शेतावर जावं लागतं.

अनोळखी लोकांनाही दिसावी अशी वेबसाइट चालवायची असेल, तर बोगदा तोच ठेवून व्हीपीएसवर एनजिनएक्सचा रिव्हर्स प्रॉक्सी लावा. पण एनव्हीआर किंवा पंपाचा कंट्रोलर त्या मार्गाने उघडू नका, तो बोगद्याच्या आतच ठेवा.

७. डेटाचा हिशोब आधी करा

बाहेरून पाहताना बागेतल्या सिमचं अपलोड खर्ची पडतं. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा तासाला ९०० एमबी खातो. रोज २ जीबीच्या प्लॅनवर सव्वादोन तासांच्या आतच कोटा संपतो, तोही एकाच कॅमेऱ्यावर. चार कॅमेरे एकदम उघडले तर अर्धा तास मुश्किलीने.

म्हणून एनव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम ५१२ केबीपीएसवर बसवा, म्हणजे तासाला साधारण २३० एमबी, आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये कायम तोच निवडा. रेकॉर्डिंग मुख्य स्ट्रीमवरच, एनव्हीआरच्या हार्डडिस्कवर होऊ द्या. त्याला सिमचा डेटा लागत नाही. चोरी किंवा नुकसानीचा तपास करायचा असेल तेव्हाच मुख्य स्ट्रीममधला नेमका तेवढा पाच-दहा मिनिटांचा तुकडा मागवा.